फोटोत पिवळा, कापल्यावर कच्चा: आंब्याच्या फोटोवरून निकाल सतत का चुकतो

तक्रार नेहमीची आहे. एकाच फळाचा फोटो दुपारी काढला तर ‘अजून थांबा’ असा निकाल येतो आणि रात्री काढला तर ‘तयार’. लालभडक गालाचा आंबा पिकलेला म्हणून वेगळा काढतात आणि सुरी लावली की आतून पांढरट, कडक निघतो. कधी सालीवरचे बारीक ठिपके रोग समजून चांगली फळं बाजूला पडतात. फोटो माणूस पाहत असो की रंग मोजणारा छोटा प्रोग्राम, चुका याच होतात आणि त्यांची कारणंही तीच असतात. म्हणून खाली दोन्हींचा विचार एकत्रच केला आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट वेगळी करावी लागते, नाहीतर पुढचं काहीच जुळत नाही. आंबा जून आहे का, हा एक प्रश्न. आंबा पिकला आहे का, हा दुसरा. झाडावर पूर्ण भरलेलं, जून झालेलं फळ हिरवं असतानाच उतरवतात आणि ते नंतर पिकतं. कोवळं उतरवलेलं फळही पिवळं होऊ शकतं, पण त्याला गोडी येत नाही, साल सुरकुतते, गर रबरासारखा राहतो. जूनपणा मुख्यतः आकारावरून कळतो, पिकलेपणा मुख्यतः रंगावरून. फोटोतला पिवळा रंग पाहून ‘चांगला आंबा’ म्हणणारा माणूस दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याला देत असतो. ‘पिवळा पण बेचव’ अशी तक्रार असेल तर रंगाची मोजणी दुरुस्त करून काही होणार नाही. तिथे आकार पाहायला हवा.

एकच फळ, दोन निकाल

हा सर्वांत जास्त भेटणारा दोष आहे, म्हणून त्याला जास्त जागा देतो.

पिकताना सालीतलं हरितद्रव्य मोडत जातं आणि खालचा पिवळा-केशरी रंग वर दिसू लागतो. फोटोच्या भाषेत सांगायचं तर हिरव्याच्या मानाने लाल आकडा वाढत जातो. पण घरातल्या पिवळ्या दिव्याखाली नेमकं हेच घडतं: दिवा लाल भाग वाढवतो आणि निळा भाग खातो. म्हणजे दिव्याने जे केलं ते पिकण्याने केलं, असं फोटो सांगतो. मोबाइलचा कॅमेरा पांढऱ्या रंगाचा तोल स्वतःच लावतो खरा, पण समोर सगळी चौकट पिवळ्या-हिरव्या फळांनी भरली असेल तर तो फळाचा रंगच प्रकाशाचा रंग समजून उलटा तोल लावतो. त्यामुळे एकच फळ एकट्याने काढलं की एक रंग दिसतो आणि ढिगात काढलं की दुसरा.

एक उदाहरण आकड्यांनी पाहू. रात्री दिव्याखाली काढलेल्या फोटोत फळाशेजारी राखाडी कार्ड ठेवलं आहे. कार्डावर लाल १९६, हिरवा १६८, निळा १२१ असे आकडे आले. राखाडी रंगात तिन्ही सारखे यायला हवेत, म्हणजे या फोटोत प्रकाश किती पिवळा आहे ते कार्डाने सांगून टाकलं. आता गालावरचा एक स्वच्छ चौकोन घेतला तर तिथे लाल १७६, हिरवा १६०, निळा ६२. लाल भागिले हिरवा १.१० येतं. लाल पुढे, म्हणून फळ पिवळं, म्हणून पिकलेलं. निकाल तसाच लागतो.

कार्डाच्या तीन आकड्यांची सरासरी सुमारे १६२. प्रत्येक रंगाला सरासरी भागिले कार्डाचा आकडा, एवढ्याने गुणलं की लाल १४५, हिरवा १५४, निळा ८३ होतात. गुणोत्तर ०.९४ वर उतरलं. हिरवा पुढे आला. फळ अजून हिरवंच होतं, पिवळा होता तो दिवा.

हेच प्रोग्रामने करायचं तर एवढं पुरतं:

```python
import cv2, numpy as np

img = cv2.imread("amba.jpg").astype(np.float32)
gx, gy = 120, 900      # राखाडी कार्डाची जागा
x, y = 1400, 1100      # गालावरचा चौकोन

card = np.median(img[gy:gy+60, gx:gx+60].reshape(-1, 3), axis=0)
gain = card.mean() / card
px = img[y:y+150, x:x+150].reshape(-1, 3)
px = px[px.max(axis=1) < 235] * gain   # चमक वगळून
b, g, r = np.median(px, axis=0)
print("R/G =", round(float(r / g), 2))
```

ही दुरुस्ती जेमतेम आहे, अचूक नाही, आणि तिला मर्यादा आहे. दिवा फारच पिवळा असेल आणि फळावरचा निळा आकडा शून्याच्या जवळ गेला असेल तर गुणून काही परत येत नाही. जी माहिती फोटोत उतरलीच नाही ती दुरुस्तीने निर्माण होत नाही. तसा फोटो टाकून द्यावा आणि दिवसा, खिडकीजवळ, थेट ऊन न पडणाऱ्या जागी पुन्हा काढावा. कार्डही जास्त उजळलेलं नको. त्यावरचा एखादा आकडा २३५ च्या वर गेला असेल तर तो मोजमापाला निरुपयोगी आहे. राखाडी कार्ड नसेल तर साधा पांढरा कागद चालतो, फक्त तो सावलीत आणि फळाच्याच प्रकाशात हवा.

मोबाइलमध्ये ‘खाद्यपदार्थ’ किंवा ‘रंग खुलवा’ अशा नावाचं काही चालू असेल तर ते आधी बंद करा. असे मोड पिवळा-केशरी रंग मुद्दाम गडद करतात आणि प्रत्येक फोटोत वेगळ्या प्रमाणात करतात, त्यामुळे कार्डानेही ते पूर्ण सुधारत नाही.

गुणोत्तर कितीच्या वर गेलं की फळ तयार, हा प्रश्न इथे लगेच येतो. सगळ्या जातींना चालेल असा आकडा नाही. आपल्या जातीची काही फळं एकाच मांडणीत रोज फोटो काढत पिकू द्यावीत, अधूनमधून एक कापून पाहावं आणि आकडा त्यावरून बांधावा. दुसऱ्याने दिलेला आकडा दुसऱ्याच्या जातीचा आणि दुसऱ्याच्या कॅमेऱ्याचा असतो.

लाल गालाने फसवणूक

सालीवरची लाली वेगळ्याच रंगद्रव्याची असते आणि ती मुख्यतः ऊन कुठे लागलं त्यावर ठरते. टॉमी अ‍ॅटकिन्स ही जात कच्ची असतानाही लालजांभळी दिसते. हापूसच्या खांद्यावरची लालसर छटाही फळ पिकल्याची खूण म्हणून वापरता येत नाही. म्हणून रंग पाहायचा तो सावलीकडच्या बाजूचा, लालीच्या खालचा मूळ रंग. फळ फिरवून दोन्ही गालांचे फोटो घ्या आणि निकाल कमी लाल असलेल्या बाजूवरून लावा.

प्रोग्राम वापरणाऱ्यांसाठी इथे आणखी एक खड्डा आहे. एचएसव्ही पद्धतीत रंगछटा वर्तुळात मोजतात. ओपनसीव्हीमध्ये ती ० ते १७९ असते आणि लाल रंग दोन्ही टोकांना येतो. लालीच्या एका ठिपक्याची छटा ४, शेजारच्याची १७४, दोन्ही लालच. साधी सरासरी काढली तर ८९ येते आणि तो हिरवट-निळा रंग आहे. म्हणजे लाल गाल जितका मोठा, तितकं फळ ‘हिरवं’ ठरू शकतं. कारण शोधत माणूस कॅमेऱ्याला दोष देत राहतो. छटेची सरासरी कोनाच्या हिशेबाने काढा, किंवा सरळ वरच्यासारखं लाल-हिरव्याचं गुणोत्तर वापरा आणि लालीचा भाग मोजणीतून वगळा.

काही जातींत रंगावर विसंबणंच चुकीचं आहे. कीट जातीचा आंबा पूर्ण पिकला तरी बराचसा हिरवा राहू शकतो. अशा जातीसाठी फोटोतल्या रंगाचा आग्रह सोडून द्यावा आणि हाताने दाबून पाहावं. आणखी एक कारण साठवणीचं. पिकवण ३० अंश सेल्सिअसच्या बरीच वर झाली तर गर मऊ पडतो, पण साल नीट रंगत नाही, चट्टेरी राहते. उलट १० अंशांच्या खाली बराच काळ ठेवलेलं फळ राखट, निस्तेज दिसतं आणि नंतर बाहेर काढलं तरी एकसारखं पिकत नाही. पिशवीतली सगळी फळं फोटोत हिरवट पण हाताला मऊ लागत असतील तर कॅमेरा बरोबर आहे, गडबड साठवणीत झाली आहे.

आकार: फोटो कुठून काढला हे आधी पाहा

जून फळाची ओळख खांद्यांवर होते. देठाजवळचे दोन्ही खांदे भरून वर येतात आणि देठ त्यांच्यामधल्या खोलगट भागात बसल्यासारखा दिसतो. कोवळ्या फळात खांदे देठापासून उतरत खाली जातात आणि गाल चपटे राहतात. यावर मी रंगापेक्षा जास्त विश्वास ठेवतो, कारण फळ उतरवल्यावर खांदे पुन्हा भरत नाहीत आणि दिव्याने त्यांचा आकार बदलत नाही.

पण नेहमीचा फोटो वरून काढलेला असतो. ट्रेमध्ये आडवी ठेवलेली फळं, वर मोबाइल. त्यात खांदे दिसतच नाहीत, आणि मग आकारावरून काही कळत नाही असा समज होतो. फळ त्याच्या सपाट बाजूवर आडवं न ठेवता वाटीत किंवा कापडाच्या वळ्यावर उभं करा, देठ वर. लेन्स फळाच्या मध्याच्या उंचीला आणा. मोबाइल फळाला चिकटवू नका. अगदी जवळून काढलेल्या फोटोत लेन्सजवळचा भाग फुगतो, त्यामुळे चपटा गालही भरलेला दिसतो. साधारण अर्ध्या मीटरवरून, दुप्पट झूम करून काढलेला फोटो आकाराशी प्रामाणिक राहतो.

खांद्यांची पातळी जातीनुसार वेगळी असते. तोतापुरीचं टोक लांब आणि चोचीसारखं असतं, तिची तुलना गोलसर जातीशी करू नये. नेहमी त्याच जातीच्या, जून म्हणून खात्री असलेल्या फळाचा फोटो शेजारी ठेवून पाहा.

ठिपके आणि डाग: कुठे आहेत, कडा कशी आहे, वाढतात का

आंब्याच्या सालीवर बारीक श्वासरंध्रं असतात. ती फळभर विखुरलेली दिसतात, फिकट किंवा तपकिरी, टाचणीच्या टोकाएवढी. फळ जून होताना ती जास्त उठून दिसतात. हे डाग नव्हेत. कधी त्यांच्याभोवती काळसर वलय येतं. बघायला वाईट दिसतं, पण ते सालीपुरतंच असतं, गराला काही होत नाही. अशा फळाला ‘रोगट’ म्हणून टाकणं हा या कामातला सर्वांत जास्त नुकसानीचा दोष आहे.

निकाल चुकण्याचं पहिलं कारण फोटोचा आकार. १० सेंटिमीटर लांबीचं फळ फोटोत १,००० पिक्सेल लांब असेल तर एका मिलिमीटरला १० पिक्सेल मिळतात. श्वासरंध्र आणि सुरुवातीचा रोगाचा ठिपका वेगळे ओळखायला एवढं पुरतं. पण सहा फळांचा एकच फोटो मेसेजमधून पाठवला, तो वाटेत दाबला गेला, आणि एका फळाच्या वाट्याला १५० पिक्सेल आले, तर मिलिमीटरला दीड पिक्सेल उरतो. त्यातून कुणालाही ठिपक्याबद्दल काही सांगता येणार नाही. मूळ फाइल मागवा, एका फळाचा एक फोटो मागवा. हे न करता डागांवर मत देऊ नये, असं माझं ठाम म्हणणं आहे.

आता जे खरे डाग आहेत त्यांच्याकडे येऊ. देठाकडून खाली ओघळासारखा काळा पट्टा दिसला तर दोन शक्यता असतात. फळ उतरवताना देठातून चीक गळतो आणि साल भाजतो. असा डाग काढणीनंतर लवकरच दिसतो, त्याची कडा स्पष्ट असते आणि तो जिथे चीक वाहिला तिथेच राहतो. दुसरी शक्यता करप्याची. करप्याच्या बुरशीचे बीजाणू पाण्याबरोबर खाली ओघळतात, म्हणून तोही पट्ट्यासारखा येतो. पण जवळून पाहिलं तर तो अनेक लहान काळ्या ठिपक्यांचा बनलेला असतो, ते ठिपके एकमेकांत मिसळत जातात, किंचित खोलगट होतात. मुख्य म्हणजे करपा फळ हिरवं असताना सालीत गप्प बसतो आणि पिकू लागलं की वर येतो. म्हणून काल स्वच्छ दिसलेलं फळ आज डागी दिसलं तर कालचा फोटो खोटा होता असं समजू नका.

दोन्हींत फरक करायचा सोपा मार्ग म्हणजे दुसरा फोटो. फळ घरच्या तापमानाला एक दिवस ठेवा, त्याच जागी, त्याच अंतरावरून, त्याच बाजूचा फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी असू द्या. समजा, १० पिक्सेलला एक मिलिमीटर या मापाने काल एक डाग ३१ पिक्सेल होता आणि आज ५२ आहे. तीन मिलिमीटरचा पाच झाला. पिकत्या फळावर डाग असा वाढत असेल तर करपा धरून चालावं, आणि फळ साठवू नये, लगेच कापून वापरावं. डाग तेवढाच राहिला तर चिकाचा डाग असण्याची शक्यता जास्त, आणि त्या फळाला फक्त रूपाचा दोष आहे.

देठाभोवती तपकिरी-काळा वेढा दिसला आणि त्याची कडा पाण्याने भिजल्यासारखी धूसर असली तर ती देठकूज. ही गालाच्या फोटोत दिसतच नाही, म्हणून देठाचा वेगळा फोटो हवाच. देठकूज वेगाने खाली उतरते. सुरुवात दिसली की फळ थांबवून ठेवण्यात अर्थ नाही. काळपट धुरकट थर असेल तर ओल्या फडक्याने पुसून पुन्हा फोटो काढा. पुसला गेला तर तो वरवरचा काजळीसारखा बुरशीचा थर होता, साल खालून स्वच्छ निघते. टाचणी टोचल्यासारखं एखादं छिद्र आणि त्याभोवती मऊ पडलेला भाग फळमाशीचा असू शकतो. फोटोत तो सहज निसटतो, आणि तिथे बोटाने हलकं दाबून पाहणं जास्त भरवशाचं.

डागाची खोली पाहायला प्रकाश वेगळा लागतो, आणि इथे एकाच फोटोत सगळं पाहण्याचा हट्ट नडतो. रंगासाठी मऊ, पसरलेला प्रकाश हवा, कारण सालीवरच्या मेणामुळे चमक पडते आणि चमकेचा पांढरा पट्टा फिकट डागासारखा दिसतो. खोलगटपणासाठी मात्र बाजूने तिरका प्रकाश हवा, म्हणजे खळग्याच्या एका कडेला सावली पडते. म्हणून दोन फोटो: एक खिडकीजवळ, दुसरा अंधुक जागी बाजूने विजेरी धरून. पहिल्यावरून रंगाचा निकाल, दुसऱ्यावरून फक्त डागांचा. दुसऱ्या फोटोवरून रंग कधीही ठरवू नका.

फोटोत जे नसतंच

हापूसमधला साका बाहेरून दिसत नाही. गर आतून पांढरट, स्पंजासारखा होतो आणि साल मात्र सुंदर पिवळी, निर्दोष राहते. कोयीतला भुंगाही बाहेरून सहसा कळत नाही. रंग, आकार, डाग तिन्ही बरोबर आणि तरी आतून खराब, असं फळ निघालं तर निकालाची पद्धत बदलण्याची घाई करू नका. त्याच खेपेतली आणखी काही फळं कापून पाहा. बऱ्याच फळांत साका निघाला तर प्रश्न बागेचा किंवा काढणीच्या वेळेचा आहे, आणि त्या खेपेपुरते तरी फोटो बाजूला ठेवून सुरीच वापरावी लागेल.

जूनपणाबद्दल शंका उरली तर पाण्याची परीक्षा फोटोपेक्षा जास्त सांगते. हिरवं फळ पाण्यात सोडलं आणि बुडालं तर बहुधा जून आहे, तरंगलं तर बहुधा कोवळं. फोटोत खांदे भरलेले दिसले पण फळ तरंगलं, असा विरोध झाला तर पाण्याचं ऐका आणि त्या फळाचा फोटो ‘जून’ म्हणून नमुन्यात ठेवू नका. एकदा चुकीचं फळ नमुना झालं की पुढची सगळी तुलना त्याच्याशी होत राहते. मग प्रकाश, कार्ड आणि अंतर सगळं बरोबर असूनही निकाल चुकत राहतो, आणि दोष कुठे आहे ते सापडत नाही.